बारा मिनिटांत सेतू, आणि नेमक्या १०९ चा एक क्षण

पेणला एका साखरपुड्याला निघालो होतो. गाडी मेहुण्याची, चालवणाराही तोच. मागच्या सीटवर मी, बायको आणि बारावीतली लेक. शिवडीला अटल सेतूवर चढताना मी सहज फोनकडे पाहिलं, ७:४१ झाले होते. चिर्ल्याला उतरताना पुन्हा पाहिलं, ७:५३.

"बघितलंत भाऊजी? बारा मिनिटांत पलीकडे!" मेहुणा खुशीत होता. आणि त्याच दमात म्हणाला, "पण काटा काही शंभरच्या वर जाऊ दिला नाही हां."

गणित शिकवणाऱ्या माणसाला असं वाक्य ऐकून गप्प बसवत नाही. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. बारा मिनिटं म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा. एकवीस पूर्णांक आठला पाचाने गुणा, ताशी १०९ येतात. मोटारींना तिथे मर्यादा आहे १०० ची.

"ती सरासरी झाली हो," मेहुणा म्हणाला. "सरासरी काय, कागदावरची. मी काट्याकडे बघत होतो. १०९ वर तो एकदाही नव्हता."

मागून लेक म्हणाली, "होता, मामा. एकदा तरी होताच." तिच्या कॉलेजात त्याच आठवड्यात लाग्रांजचं मध्यमान प्रमेय शिकवलं होतं. सूत्र तिला पाठ होतं. पण मामाने "कशावरून?" असं विचारल्यावर ती अडली. साखरपुडा उरकून रात्री घरी आलो आणि जेवणानंतर त्या "कशावरून"चं उत्तर मिठाईच्या खोक्याच्या पाठीवर निघालं. ते इथे मांडतो.

आधी एक भानगड मिटवू. शंभरची मर्यादा मोडली, एवढंच म्हणायचं असेल तर साधा व्यवहार पुरतो. काटा सतत शंभर किंवा खाली असता तर बारा मिनिटांत गाडी वीस किलोमीटरच गेली असती. ती २१.८ गेली, म्हणजे कुठेतरी शंभर ओलांडले. हे कुणीही मान्य करेल. लेकीचा दावा याहून बराच धीट आहे. ती म्हणते, प्रवासात असा एक क्षण होता जेव्हा वेग बरोब्बर १०९ होता. १०८.९ नव्हे, ११० नव्हे. कुठल्या क्षणी ते तिला ठाऊक नाही, गाडीने कुठे वेग घेतला, कुठे कमी केला हेही ठाऊक नाही. फक्त सुरुवातीची आणि शेवटची वेळ हातात आहे, आणि मधल्या एका क्षणाबद्दल ती छातीठोकपणे सांगते आहे. मध्यमान प्रमेयाचं सगळं बळ यातच आहे.

आता कशावरून, ते पाहू. त्यासाठी सेतूवरून जरा लोकलमध्ये या.

मध्य रेल्वेवर जलद आणि धिम्या गाड्यांचे रूळ लांबवर शेजारी शेजारी जातात. तुम्ही जलद गाडीच्या दारात उभे आहात. बाजूच्या रुळावर एक धिमी गाडी नुकतीच स्टेशन सोडून वेग घेते आहे. सुरुवातीला तिचे डबे भराभर मागे पडत जातात. मग त्यांचं मागे पडणं मंदावतं. आणि मग एक क्षण असा येतो की समोरच्या दारातला माणूस हलेनासा होतो. त्याच्या खांद्यावरची सॅक, त्याने दांडीला धरलेला हात, सगळं जागच्या जागी. दोन्ही गाड्या धडधडत चालल्या आहेत, पण तुमच्या आणि त्याच्या मधलं अंतर ना वाढतंय ना घटतंय. दुसऱ्याच क्षणी तो पुढे सरकू लागतो. मुंबईत ज्याने लोकलचा पास काढला आहे त्याने हे पाहिलेलं असतं. त्या थबकलेल्या क्षणाचा अर्थ एकच, दोन्ही गाड्यांचा वेग त्या घडीला सारखा होता.

हीच युक्ती सेतूवर लावू. मेहुण्याच्या गाडीशेजारी मनातल्या मनात दुसरी एक गाडी सोडा. तिला जोडगाडी म्हणू. ती ७:४१ ला मेहुण्याबरोबर निघते, ७:५३ ला त्याच्याबरोबरच पोचते, आणि मधला सगळा वेळ काटा १०९ वर चिकटवल्यासारखी जाते. मेहुणा मात्र आपल्या मर्जीने जातो. कधी तिच्या पुढे, कधी मागे.

दोघांमधल्या अंतरावर लक्ष ठेवा. निघताना ते शून्य आहे, पोचताना पुन्हा शून्य. मध्ये मेहुणा कधीतरी मागे पडला असेल किंवा पुढे गेला असेल. समजा मागे पडला. मग हे मागे पडणं कधीतरी कमाल झालं असणार, कारण शेवटी ते भरून निघालं आहे. त्या कमाल क्षणी मेहुण्याचा वेग किती? जोडगाडीपेक्षा कमी असता तर पुढच्याच क्षणी तो आणखी मागे पडला असता, आणि मग कमाल तिथे नव्हतीच. जोडगाडीपेक्षा जास्त असता तर याचा अर्थ तो आधीच अंतर भरून काढत होता, म्हणजे एक क्षण आधी तो याहूनही मागे होता, आणि पुन्हा कमाल तिथे नव्हती. कमीही नाही, जास्तही नाही. उरलं काय? बरोबर १०९. समोरच्या दारातला माणूस थबकला तो हाच क्षण.

आणि मेहुणा एकदाही मागे-पुढे झाला नसेल तर? मग तो पूर्ण वेळ जोडगाडीला खेटूनच होता, म्हणजे प्रत्येक क्षणी १०९. तसं झालं असतं तर त्याचा दावा आणखीच कोसळतो.

प्रमेयाची सिद्धता एवढीच. पाठ्यपुस्तकात हेच "g(x) हे नवीन फल घ्या, त्याला रोलचं प्रमेय लावा" अशा थाटात येतं आणि ते नवीन फल कुठून टपकलं हे कुणी सांगत नाही. ते फल म्हणजे मेहुणा आणि जोडगाडी यांच्यातलं अंतर. दोन्ही टोकांना शून्य असलेलं काहीतरी मध्ये कुठेतरी सपाट होतंच, हे मिशेल रोलने १६९१ मध्ये बहुपदींसाठी दाखवलं. गंमत अशी की कलनशास्त्राची तेव्हाची मांडणी याच गृहस्थाला सदोष वाटत होती आणि तो तिच्याविरुद्ध जाहीर वाद घालत असे.

सूत्र आता घाबरवणार नाही. वेळेला t आणि तोवर कापलेल्या अंतराला s(t) म्हटलं, प्रवास a ला सुरू होऊन b ला संपला, तर मधे एक असा क्षण c असतो की

s'(c) = (s(b) − s(a)) / (b − a)

उजवीकडे सरासरी वेग, म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. डावीकडे c या क्षणीचा तात्कालिक वेग, काटा दाखवतो तो. हा "तात्कालिक" शब्द आपल्याकडचा जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहांच्या गतीबद्दल बोलताना तात्कालिक गती वेगळी काढून सांगितली, कारण दिवसभराची सरासरी गती घेऊन चंद्राचं अचूक स्थान काढायला गेलं की चूक पडते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने कोरवून घेतलेला शिलालेख आहे, तो शाळेच्या सहलीत पाहिलेले काही वाचक असतीलच. मेहुण्याची अडचण वेगळी होती, त्याला दोन्हींतला संबंध मान्य नव्हता.

मिठाईच्या खोक्यावर लेकीने आलेख काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. मेहुण्याचा प्रवास ही डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी एक वाकडी रेघ. जिथे गाडी जोरात तिथे रेघ उभी होत जाते, जिथे हळू तिथे आडवी पडते. गाडी थांबली तर रेघ अगदी सपाट. म्हणजे वेग हा आलेखात चढ बनून दिसतो. एखाद्या बिंदूशी रेघेला नुसती चिकटून जाणारी सरळ रेषा, म्हणजे स्पर्शिका, जितकी तिरकी तितका त्या क्षणीचा वेग.

मग तिने आलेखाची दोन टोकं पट्टीने जोडली. ही सरळ रेषा म्हणजे जोडगाडीचा प्रवास. भूमितीत हिला वक्राची जीवा म्हणतात. तिचा चढ म्हणजे सरासरी वेग, १०९.

पुढची कृती खरंच करून पाहा, कारण ती डोळ्यांनी पाहिल्यावर प्रमेय विसरता येत नाही. पट्टी त्या जीवेवर ठेवा. तिरकेपणा अजिबात न बदलता ती हळूहळू खाली सरकवा. शाळेत पट्टी आणि गुण्या वापरून समांतर रेषा काढायचो, तसंच. सुरुवातीला पट्टीची कड वक्राला छेदत राहते. सरकवत सरकवत एक जागा अशी येते की ती वक्राला शेवटचं कुठेतरी टेकते आणि त्यापलीकडे एक केसभर सरकवली तर सुटून जाते. त्या शेवटच्या टेकण्याच्या जागी पट्टी वक्राची स्पर्शिका झालेली असते. आणि पट्टीचा तिरकेपणा तर आपण बदललेलाच नाही. म्हणजे तिथल्या स्पर्शिकेचा चढ जीवेच्या चढाइतकाच. वक्र जीवेच्या वरच्या बाजूला फुगला असेल तर पट्टी वर सरकवा, गोष्ट तीच.

प्रमेयाचा भौमितिक अर्थ हाच: जीवेला समांतर अशी निदान एक स्पर्शिका मध्ये सापडतेच. पट्टी जिथे सुटते तो बिंदू, आणि जोडगाडीपासून मेहुणा सगळ्यात लांब असतो तो क्षण, हे दोन्ही एकच आहेत. लेकीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने पट्टी खाली ठेवली आणि "अच्छा, म्हणजे ते g(x) हे आहे होय!" असं म्हणाली. वर्गात हा उद्गार ऐकायला मला कधीकधी वर्ष लागतं.

पण मेहुण्याच्या प्रवासाचं सूत्र आपल्याकडे नाही, म्हणून c काढून दाखवता येत नाही. तो काढून पाहायचा असेल तर सूत्र माहीत असलेला प्रवास हवा. धिम्या लोकलचा एक टप्पा घेऊ. दोन स्टेशनांमध्ये २ किलोमीटर अंतर, एका फलाटावर सुटल्यापासून दुसऱ्यावर थांबेपर्यंत ३ मिनिटं. वेळ मिनिटांत आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजलं तर असं एक सूत्र घेता येतं:

s(t) = (2/3)t² − (4/27)t³

हे मी मुद्दाम असं निवडलं आहे की गाडी सुटताना आणि थांबताना वेग शून्य असावा. खरी लोकल जरा वेगळी धावते: झपकन वेग घेते, मग मोटरमन पॉवर काढून घेतो, गाडी आपल्या जोरावर जाते, आणि स्टेशन आलं की ब्रेक. पण ढोबळ चित्र म्हणून हे चालतं. t = 3 घालून पाहा: (2/3) गुणिले 9 म्हणजे 6, (4/27) गुणिले 27 म्हणजे 4, वजाबाकी 2. दोन किलोमीटर, हिशोब जमला.

सरासरी वेग मिनिटाला दोन तृतीयांश किलोमीटर, म्हणजे ताशी ४०. तात्कालिक वेगासाठी विकलन करू:

s'(t) = (4/3)t − (4/9)t² = (4/9)·t·(3 − t)

दोन्ही टोकांना हा शून्य होतो, आणि बरोब्बर मधे, दीड मिनिटाला, 1 किलोमीटर प्रतिमिनिट, म्हणजे ताशी ६०. इथे थोडं थांबा, कारण एक नेहमीची चूक इथेच होते. सगळ्यात कमी वेग शून्य, सगळ्यात जास्त ६०, मग सरासरी ३०? वर्गात दरवर्षी दोघे-तिघे हे लिहितात. गाडीचा वेग एकसारख्या दराने वाढत किंवा घटत असेल तरच ही युक्ती चालते. इथे गाडी मधला बराच वेळ चांगल्या वेगात होती, म्हणून सरासरी ४० आली. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. काट्याच्या दोन टोकांची सरासरी नव्हे.

आता प्रमेय म्हणतं तो क्षण शोधू. काटा ४० वर कधी?

(4/9)·t·(3 − t) = 2/3, म्हणजे t² − 3t + 1.5 = 0

याची उत्तरं t = (3 ± √3)/2. म्हणजे ०.६३४ मिनिट आणि २.३६६ मिनिट. सेकंदांत सांगायचं तर सुटल्यापासून ३८ व्या आणि १४२ व्या सेकंदाला. एक क्षण वेग घेताना, एक कमी करताना. प्रमेयाने निदान एकाची हमी दिली होती, मिळाले दोन. हमी नेहमी "निदान एक" एवढीच असते. किती आणि कुठे, ते प्रवास कसा झाला यावर.

जोडगाडीही चालवून पाहू, म्हणजे पट्टीची गोष्ट आकड्यांत दिसेल. शेजारच्या रुळावर एक गाडी सतत ४० ने जाते आहे, आपल्या लोकलने फलाट सोडला त्याच क्षणी ती बाजूने निघाली. पहिले काही सेकंद ती झपाट्याने पुढे जाते, कारण आपली अजून रांगतेच आहे. ३८ व्या सेकंदाला आपली लोकल २३० मीटरवर आहे, जोडगाडी ४२२ मीटरवर. फरक सुमारे १९२ मीटर, बारा डब्यांच्या गाडीच्या लांबीच्या साधारण पाऊणपट. हाच कमाल फरक. इथे समोरच्या दारातला माणूस थबकेल. त्यानंतर आपण भरून काढायला लागतो, नव्वदाव्या सेकंदाला दोघं बरोबरीत येतात, त्या वेळी आपला वेग ६०, तिचा ४०. आपण पुढे निघतो, १४२ व्या सेकंदाला तेवढेच १९२ मीटर पुढे असतो, पुन्हा थबकणं. मग आपला ब्रेक लागतो, ती जवळ येत जाते, आणि फलाटावर दोघं एकत्र. आलेखावर पट्टी खाली सरकवली तर पहिला बिंदू मिळतो, वर सरकवली तर दुसरा.

रात्रीचे अकरा वाजले होते. मेहुण्याने तोपर्यंत शांतपणे ऐकलं होतं, आता त्याने फोन काढला. त्याच्याकडे प्रवास नोंदवणारं एक ॲप आहे. त्यात दर काही सेकंदांनी गाडीची जागा टिपली जाते. त्याने वेगांची यादी दाखवली. ९६, ९८, ११३, ११६, असं काहीतरी. शंभर ओलांडल्याचं आता तोही नाकारत नव्हता. "पण १०९ कुठाय?" असा त्याचा नवा मुद्दा होता.

हा मुद्दा फालतू नाही, कारण प्रमेयाच्या अटी इथेच कामाला येतात. ॲपने प्रत्यक्ष प्रवास पाहिलेलाच नाही. त्याने ठिपके पाहिले आणि दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढली. सरळ रेघांच्या तुकड्यांचा आलेख म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यांचा आलेख, आणि कोपऱ्यावर स्पर्शिका नसते. सोपं उदाहरण घ्या. एक गाडी पहिली सहा मिनिटं बरोबर ८० ने गेली आणि पुढची सहा मिनिटं बरोबर १३८ ने. सरासरी १०९. काटा १०९ वर कधी? कधीच नाही. खोक्यावर पट्टी सरकवून पाहा, ती शेवटी नेमकी त्या कोपऱ्यावर टेकून सुटते. टेकते खरी, पण तिथे वक्राला स्वतःची अशी एक दिशाच नाही. म्हणून प्रमेयाची अट आहे की मधल्या प्रत्येक क्षणी विकलन करता आलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक क्षणी गाडीला एक ठाम वेग असला पाहिजे. खऱ्या गाडीला तो असतोच. ८० वरून १३८ वर उडी मारायची तर इंजिनाला अनंत जोर हवा. मधल्या सगळ्या वेगांतून काट्याला जावंच लागतं. ॲपच्या यादीत ९८ नंतर एकदम ११३ दिसले, त्या दोन ठिपक्यांच्या मध्येच १०९ होऊन गेले.

दुसरी अट याहून साधी आहे: अंतराचा आलेख सलग हवा, मध्येच उडी नको. गाडी काही एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवत नाही, पण फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका तसं करतो. कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलं की गिरगाव चौपाटीकडच्या तोंडाशी तो अडकून बसलेला मी पाहिला आहे. आत गाडी दोन किलोमीटर जाते, नकाशावर आपण मुक्काम ठोकून. आणि बाहेर आलं की प्रियदर्शिनी पार्कापाशी एकदम उडी. ठिपक्याचा "वेग" बोगद्यात सतत शून्य होता, सरासरी मात्र शून्य नाही. मधला क्षण शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण आलेखच तुटलेला आहे.

तिसरी गोष्ट अटींत लिहिलेली नसते आणि नेमकी तिथेच हुशार मुलं फसतात. शिवाजी पार्कला कट्ट्याबाहेरून एक पूर्ण फेरी मारा. निघाला तिथेच परत आलात, म्हणजे जागेतला बदल शून्य. प्रमेयाचं नाव घेऊन कुणी म्हणेल, "म्हणजे मधे कधीतरी तुमचा वेग शून्य होता." तुम्ही तर कुठे थांबला नाहीत. चूक कुठे झाली? प्रमेय एका आकड्याबद्दल बोलतं, एकाच रेषेवर पुढे-मागे होणाऱ्या राशीबद्दल. दिशा धरून मोजलेल्या जागेला, जिथे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन आकडे लागतात, ते जसंच्या तसं लागू होत नाही. पूर्व-पश्चिमेचा वेग एका क्षणी शून्य होतो, उत्तर-दक्षिणेचाही होतो, पण दोन्ही एकाच क्षणी व्हायचं बंधन नाही. म्हणून प्रवासाला प्रमेय लावताना अंतर रस्त्याने मोजलेलं हवं, मैलमापक मोजतो तसं. अटल सेतूही काही पट्टीने आखल्यासारखा सरळ नाही, आणि २१.८ हे त्याच्या वळणांसकट आहेत.

सरासरी वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही आता तशी सोय आहे. एका जागी गाडीची नंबरप्लेट आणि वेळ टिपायची, काही किलोमीटर पुढे पुन्हा टिपायची, भागाकार करायचा. एका जागचा कॅमेरा पाहून ब्रेक मारणारे आणि पुढे गेल्यावर पुन्हा ताणणारे त्यात सापडतात, कारण दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये काय केलं हे पाहण्याची गरजच उरत नाही. घड्याळांची अचूकता मात्र हवी, तरी अंतर मोठं असेल तर ती फार नडत नाही. १० किलोमीटर १०० च्या वेगाने कापायला ३६० सेकंद लागतात, त्यात एका सेकंदाची चूक झाली तर वेगात पाव किलोमीटरचा फरक पडतो.

माझं घड्याळ मात्र इतकं चोख नव्हतं, आणि इथे मेहुण्याने मला पकडलं. फोनवर ७:४१ दिसतात तेव्हा ती वेळ ७:४१ वाजून शून्य सेकंद असेल किंवा एकोणसाठ. ७:५३ चंही तसंच. म्हणजे प्रवास बारा मिनिटांचा नसून ११ मिनिटांहून थोडा जास्त ते १३ मिनिटांहून थोडा कमी, यातला कितीही. तेव्हा १०९ हा आकडा मी ठासून सांगू शकत नाही. त्याच्या बाजूने सगळी सूट देऊन १३ मिनिटं धरू. २१.८ भागिले १३, गुणिले ६०, आले १००.६. तरी शंभरच्या वरच.

"थांबा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "तुम्ही फोन बघितलात तो नेमका सेतूच्या पहिल्या इंचावर? दोनशे मीटर पुढे गेल्यावर बघितला असेल तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २१.६ किलोमीटर आणि १३ मिनिटं धरली तर सरासरी ९९.७ येते. शंभराच्या आत.

"म्हणजे सुटलो," तो म्हणाला.

लेकीने खोकं पुन्हा ओढलं. सेतूवर चढताना आणि उतरताना मर्यादा १०० ची नाही, ४० ची आहे. दोन्हीकडचं मिळून एकच किलोमीटर तसं धरलं आणि मामाने तिथे नियम पाळला असं मानलं, तर त्याला दीड मिनिट लागलं. उरले २०.६ किलोमीटर आणि साडेअकरा मिनिटं. तिने भागाकार केला: १०७.५. म्हणजे मधल्या पट्ट्यात नेमक्या १०७.५ चा एक क्षण, नाहीतर चढताना किंवा उतरताना ४० मोडले, दोन्हींतलं एक मामाने निवडावं.

मेहुण्याने भागाकार दोनदा तपासला आणि खोक्यात उरलेला शेवटचा पेढा तिच्या हातावर ठेवला.